स्प्रिंट प्लॅनिंग मोघम बाबींवर अडत असेल, तर दुरुस्ती कुठे करावी

प्लॅनिंगची बैठक सुरू होते, प्रॉडक्ट ओनर बॅकलॉगमधली सर्वांत वरची बाब वाचून दाखवतात आणि दुसऱ्याच मिनिटाला कोणीतरी असा प्रश्न विचारते, ज्याचे उत्तर त्या खोलीत कोणाकडेच नसते. मग अर्धा तास तर्क लढवले जातात, "मी विचारून सांगते" या वाक्यावर चर्चा थांबते, पुढची बाब घेतली जाते आणि तिथेही तेच घडते. शेवटी स्प्रिंट भरायचा असतो, म्हणून त्याच मोघम बाबी अंदाजाने मोठे स्टोरी पॉइंट लावून आत घेतल्या जातात. दोन आठवड्यांनी त्यांतल्या काही अर्धवट राहिलेल्या दिसतात आणि पुढच्या प्लॅनिंगला त्या पुन्हा समोर येतात. हे एखाद्या वेळी घडले तर विशेष काही नाही. परंतु सलग तीन स्प्रिंटमध्ये घडत असेल, तर दोष प्लॅनिंगच्या बैठकीत नसून तिच्या आधीच्या दहा दिवसांत आहे असे समजावे आणि शोध तिथे घ्यावा.

मी पुण्यातील एका टीमची स्क्रम मास्टर आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांची देखभाल-बिले, पावत्या आणि खतावण्या सांभाळणारी प्रणाली आम्ही बनवतो. आमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा असून तो बुधवारी सुरू होतो आणि मंगळवारी संपतो. आमचे प्लॅनिंग साडेतीन तासांवर जाऊ लागले, तेव्हा मी केलेला तपास आणि त्यातून निघालेली दुरुस्ती इथे मांडत आहे.

आधी निदान: अडलेले प्रश्न लिहून काढा

आमचा पहिला उपाय चुकीचा होता. बाबी मोघम आहेत ना, मग त्या तपशीलवार लिहिल्या जाव्यात, अशा विचाराने आम्ही जिरामध्ये चौदा रकान्यांचा नमुना तयार केला आणि तो पूर्ण भरल्याशिवाय बाब प्लॅनिंगला आणायची नाही असे ठरवले. महिन्याभरात निम्म्या रकान्यांत "लागू नाही" दिसू लागले आणि अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियाच्या रकान्यात "व्याज योग्य रीतीने आकारले जावे" अशी वाक्ये आली. रकाने भरले होते, पण प्रश्न तसेच राहिले होते.

त्यानंतर आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. सलग तीन प्लॅनिंगमध्ये ज्या ज्या प्रश्नावर चर्चा थांबली, तो प्रश्न मी एका साध्या तक्त्यात नोंदवला. तक्त्याला चार रकाने होते: बाब कोणती, प्रश्न कोणता, उत्तर कोणाकडे होते आणि ते मिळायला कामाचे किती दिवस लागले. पहिले तीन रकाने अनेक जण भरतात, परंतु खरे कारण आम्हाला चौथ्याने दाखवले.

तीन बैठकांत मिळून एकोणीस प्रश्न निघाले. पाच प्रश्नांची उत्तरे आमच्या प्रॉडक्ट ओनर बाईंच्या डोक्यात होती, फक्त लिहिलेली नव्हती. तीन प्रश्न तांत्रिक होते, म्हणजे कोड उघडून पाहिल्याशिवाय त्यांचे उत्तर देता येत नव्हते. उरलेल्या अकरा प्रश्नांची उत्तरे टीमच्या बाहेर होती: ग्राहक संस्थांचे हिशेबनीस, त्यांचे सचिव आणि ऑनलाइन भरणा सांभाळणारी मंडळी यांच्याकडे. या अकरांपैकी बहुतेकांना दोन ते चार दिवस लागले होते. आमची रिफाइनमेंटची बैठक मात्र स्प्रिंटच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी चार वाजता, म्हणजे प्लॅनिंगच्या आदल्या संध्याकाळी होत असे. तिथे निघालेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्यासाठी कामाचा एकही दिवस शिल्लक राहत नव्हता. अशा वेळापत्रकात बाब कितीही मन लावून लिहिली, तरी प्लॅनिंग अडणारच होते.

तुमच्या टीममध्ये हे प्रमाण वेगळे निघेल आणि त्याप्रमाणे उपायही बदलेल. बहुतेक उत्तरे प्रॉडक्ट ओनरकडेच असतील, तर त्यांना टीमसोबत बसायला वेळ मिळत नाही हे मूळ आहे आणि रिफाइनमेंटचा वार बदलून काही साधणार नाही. बहुतेक प्रश्न तांत्रिक असतील, तर बाबी पुरेशा आधी डेव्हलपरच्या नजरेखालून जात नाहीत असा अर्थ होतो. म्हणून तक्ता केल्याशिवाय कोणताही नियम बनवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक बाब जवळून: थकबाकीवरील व्याज

तीनही बैठकांत अडलेली एक बाब अशी होती: "सभासदाच्या थकबाकीवर व्याज आकारावे." वाचणाऱ्याला यात अस्पष्ट काही दिसत नाही आणि अशा बाबींचा धोका नेमका तिथेच असतो. आम्ही आधारासाठी घेतलेल्या, महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या 2014 च्या आदर्श उपविधींनुसार हे व्याज सरळ व्याज असते, त्याची कमाल मर्यादा वार्षिक 21 टक्के आहे आणि प्रत्यक्ष दर संस्थेची सर्वसाधारण सभा ठरवते. एवढे प्रॉडक्ट ओनर बाईंनी टिकेटमध्ये लिहिलेही होते. तरीही बैठकीत आमच्या टेस्टरने विचारले, "सभासदाने बिलाची अर्धीच रक्कम भरली, तर ती आधी कशात वळती करायची, व्याजात की मुद्दलात?" त्यावर खोली शांत झाली.

हा प्रश्न किती खोल जातो ते आकड्यांत पाहावे. समजा बिल 6,000 रुपयांचे आहे, भरण्याची अंतिम तारीख 30 एप्रिल आहे आणि व्याजाचा दर वार्षिक 18 टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का आहे. मे महिन्याचे व्याज 90 रुपये झाले. सभासदाने 31 मे रोजी 4,000 रुपये भरले. ही रक्कम आधी व्याजात वळती केली, तर 90 रुपये व्याज फिटते, मुद्दलात 3,910 जातात, शिल्लक मुद्दल 2,090 राहते, जूनचे व्याज 31.35 रुपये होते आणि जूनअखेर येणे 2,121.35 रुपये निघते. तीच रक्कम आधी मुद्दलात वळती केली, तर मुद्दल 2,000 राहते, जूनचे व्याज 30 रुपये होते आणि मेचे न फिटलेले 90 धरून येणे 2,120 रुपये निघते. एका सदनिकेमागे फरक अवघा 1 रुपया 35 पैशांचा आहे. परंतु आमची बेरीज हिशेबनिसांच्या खतावणीशी जुळली नाही, की त्यांचा साऱ्या प्रणालीवरचा विश्वास जातो.

त्यात दुसरा प्रश्न दडलेला होता. व्याज महिन्याच्या हिशेबाने धरायचे की दिवसांच्या? दिवसांच्या हिशेबाने 30 दिवसांचे व्याज 90 ऐवजी 88.77 रुपये येते. डेव्हलपरला यांतला कोणताही पर्याय लिहिणे अवघड नाही, पण आपण होऊन एक निवडण्याचा अधिकार त्याला नाही. उत्तर ज्या हिशेबनिसांकडे होते, ते त्या संस्थेच्या कार्यालयात आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारपर्यंत येत असत. आमची रिफाइनमेंट मंगळवारी चार वाजता सुरू होई, तोवर ते घरी गेलेले असत.

रिफाइनमेंट दोन भागांत घ्या आणि मध्ये दिवस सोडा

स्क्रम गाइडमध्ये रिफाइनमेंट ही वेगळी बैठक म्हणून सांगितलेली नाही. बॅकलॉगमधल्या बाबी लहान आणि अधिक नेमक्या करत राहण्याचे ते सततचे काम आहे. 2017 च्या आवृत्तीत या कामाला डेव्हलपमेंट टीमच्या क्षमतेच्या साधारण 10 टक्क्यांहून अधिक वेळ लागत नाही असा उल्लेख होता, तो 2020 च्या आवृत्तीतून काढण्यात आला. तरीही मोजमाप म्हणून तो आकडा मला उपयोगी वाटतो: दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये प्रत्येकी एक दिवस. आमची जुनी बैठक दीड तासाची होती, त्यामुळे वेळ वाढवायला जागा होती. परंतु खरी गरज वेळ वाढवण्याची नव्हती, तो विभागण्याची होती.

आता पहिली बैठक स्प्रिंटच्या चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी, एक तास होते. तिचे काम फक्त प्रश्न काढणे हे आहे. पुढच्या स्प्रिंटमध्ये येऊ शकतील अशा सहा ते आठ बाबी घेतल्या जातात, प्रत्येकीला सात-आठ मिनिटे मिळतात आणि त्या वेळात उत्तर शोधायचे नाही असा नियम आहे. प्रश्न निघाला की तो टिकेटवर लिहिला जातो आणि त्याच्यापुढे उत्तर आणणाऱ्याचे नाव व वार लिहिला जातो. "टीम विचारेल" अशी नोंद चालत नाही, कारण जी गोष्ट सगळ्यांची असते ती कोणाचीच नसते. व्याजाचे दोन्ही प्रश्न सोमवारी निघाले आणि प्रॉडक्ट ओनर बाईंनी मंगळवारी सकाळी हिशेबनिसांना फोन केला. त्यांच्या संस्थेत आलेली रक्कम आधी व्याजात वळती होते आणि व्याज पूर्ण महिन्याचे धरले जाते, हे दहा मिनिटांत समजले. हेच दोन प्रश्न आमच्याकडे दीड महिना रेंगाळले होते.

दुसरी बैठक आठव्या दिवशी, शुक्रवारी, पुन्हा एक तास. दोन्ही बैठकांच्या मध्ये मंगळवार, बुधवार आणि गुरुवार असे कामाचे तीन पूर्ण दिवस मिळतात. शुक्रवारी आलेली उत्तरे वाचली जातात, त्यांवरून उदाहरणे लिहिली जातात, मोठी बाब तोडली जाते, एस्टिमेट दिले जाते आणि बाब रेडी आहे की नाही हे ठरते. काही राहिलेच, तर प्लॅनिंगपूर्वी सोमवार आणि मंगळवार हे दोन दिवस हाताशी असतात. या बैठकीला पूर्ण टीम हवीच असा माझा आग्रह नाही. प्रॉडक्ट ओनर, टेस्टर आणि दोन डेव्हलपर असले तरी काम होते. मात्र एस्टिमेट देताना प्रत्यक्ष काम करणारी मंडळी उपस्थित असलीच पाहिजेत, कारण कामाचा आकार ठरवण्याची जबाबदारी त्यांची आहे.

तांत्रिक प्रश्नांसाठी सोमवारीच स्पाइक ठरवतो. त्याला जास्तीत जास्त एक दिवस मिळतो आणि त्याचे फलित म्हणून टिकेटवर लिहिलेले उत्तर अपेक्षित असते, कोड नव्हे. जुन्या बिलांच्या तक्त्यात भरण्याची अंतिम तारीख साठवली जाते का, हा असाच एक प्रश्न होता. ती तारीख साठवली जात नव्हती, बिलाच्या तारखेवरून दर वेळी काढली जात होती. हे प्लॅनिंगनंतर उघड झाले असते, तर अर्धा स्प्रिंट त्यात गेला असता.

बाब तोडताना

शुक्रवारी व्याजाची बाब चार भागांत तोडली. पहिल्या भागात वर्षभर एकच दर आणि अजिबात न भरलेले बिल; दुसऱ्यात अंशतः भरलेली रक्कम; तिसऱ्यात वर्षाच्या मध्यात सभेने बदललेला दर; चौथ्यात व्याजमाफी. प्रत्येक भाग पूर्ण झाल्यावर हिशेबनिसांना पडद्यावर काहीतरी तपासता येते, हा या तोडणीचा निकष होता. आधी एका डेव्हलपरने डेटाबेसचे एक टिकेट, गणिताचे दुसरे आणि स्क्रीनचे तिसरे, अशी वाटणी सुचवली होती. त्या वाटणीने टिकेटे लहान होतात, पण तिन्ही पूर्ण होईपर्यंत व्याज बरोबर लागले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही आणि मोघमपणा तसाच पुढे सरकतो.

दुसरा लाभ असा, की चौथ्या भागातले प्रश्न सुटले नसले तरी पहिले दोन भाग रेडी होऊ शकले. संपूर्ण बाब एकसंध ठेवली असती, तर माफीच्या एका प्रश्नापायी सगळेच अडून राहिले असते.

डेफिनिशन ऑफ रेडी स्वतःच्या प्रश्नांतून काढा

डेफिनिशन ऑफ रेडी हा शब्दप्रयोग स्क्रम गाइडमध्ये नाही. तिथे एवढेच म्हटले आहे, की एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होऊ शकेल अशी बाब निवडीसाठी तयार मानावी. त्यामुळे ही व्याख्या टीमने आपापसात केलेला करार असते. इतरांची तयार यादी उतरवून घेण्यापेक्षा आपल्या तक्त्यातल्या प्रश्नांवरून ती बनवणे चांगले. आमच्या एकोणीस प्रश्नांतून पुढच्या चारच अटी निघाल्या आणि चौदा रकान्यांचा नमुना आम्ही काढून टाकला.

- बाबीत आकड्यांसह किमान एक नेहमीचे आणि एक अडचणीचे उदाहरण लिहिलेले आहे.
- टीमबाहेरच्या व्यक्तीकडून हवे असलेले प्रत्येक उत्तर टिकेटवर आलेले आहे, आणि ते कोणी दिले याचीही नोंद आहे.
- काम करणाऱ्यांनी एस्टिमेट दिले आहे आणि ते आठ पॉइंटांच्या आत आहे.
- ती पूर्ण झाल्याचे कोणाला आणि कोणत्या स्क्रीनवर दाखवायचे हे ठरलेले आहे.

पहिली अट सर्वांत जास्त काम करते. वर दिलेले 6,000 आणि 4,000 रुपयांचे उदाहरण टिकेटवर जसेच्या तसे आहे, जूनअखेर येणे 2,121.35 या उत्तरासह. "योग्य रीतीने", "आवश्यकतेनुसार", "लवकरात लवकर" असे शब्द दिसले, की तिथे उदाहरण राहिले आहे असे खुशाल समजावे. तपासण्याची एक सोपी रीत आहे. बैठकीला नसलेल्या टेस्टरला टिकेट वाचायला द्यावे आणि पहिली चाचणी कोणती कराल असे विचारावे. आकड्यासह उत्तर आले तर बाब रेडी आहे. "आधी डेव्हलपरशी बोलावे लागेल" असे उत्तर आले तर ती रेडी नाही.

आमच्या जिरामध्ये रेडी ही स्वतंत्र स्थिती आहे आणि बाब त्या स्थितीत फक्त शुक्रवारच्या बैठकीत हलवली जाते, एकट्या प्रॉडक्ट ओनरने किंवा एकट्या डेव्हलपरने नाही. मंगळवारी संध्याकाळी मी हा शोध चालवून पाहते:

```
project = SOC AND status = "Ready" AND sprint is EMPTY ORDER BY Rank ASC
```

यादीतील बाबींचे एकूण पॉइंट एका स्प्रिंटच्या क्षमतेपेक्षा कमी असतील, तर उद्याचे प्लॅनिंग कुठे अडेल हे आजच कळते. दीड स्प्रिंटपुरता साठा मला पुरेसा वाटतो. तीन-चार स्प्रिंटपुरता साठा करून ठेवल्यास बाबी शिळ्या होतात. एका संस्थेने मध्येच सभेत दर बदलला आणि दोन महिन्यांपूर्वी रेडी केलेल्या आमच्या तीन बाबी पुन्हा लिहाव्या लागल्या.

ही व्याख्या जिथे उलटते

चार अटींचे फाटक करणे सोपे असते. आमच्याकडेही एकदा तसे झाले. बिलावर संस्थेचा नोंदणी क्रमांक चुकीचा छापला जात होता आणि ती दुरुस्ती तासाभराची होती. तरी दोन उदाहरणे लिहिलेली नाहीत म्हणून एका डेव्हलपरने ती घ्यायला नकार दिला. त्याचा हेतू चुकीचा नव्हता, नियम आम्हीच केला होता. तेव्हापासून करारात एक वाक्य जोडले आहे: ज्या बाबीचा उरलेला प्रश्न स्प्रिंटच्या पहिल्या दोन दिवसांत सुटेल याची उत्तर देणाऱ्या व्यक्तीने खात्री दिली आहे, ती बाब टीमच्या संमतीने घेता येते. अशी बाब एका स्प्रिंटमध्ये एकच घेतो. प्रत्येक बाब शंभर टक्के स्पष्ट हवी असा हट्ट धरला, तर आधी सगळे लिहून मग काम सुरू करण्याची जुनी पद्धत मागच्या दाराने परत येते आणि प्रॉडक्ट ओनर व डेव्हलपर कागद पुढे करून भांडू लागतात.

दुरुस्ती लागू पडली का, हे कसे ओळखावे

नुसता प्लॅनिंगचा कालावधी पाहू नये. आमची बैठक साडेतीन तासांवरून दीड तासावर आली, परंतु पहिल्या स्प्रिंटमध्ये तो आनंद खोटा होता. प्लॅनिंगमध्ये प्रश्न विचारणे अवघड वाटू लागले होते आणि तेच प्रश्न स्प्रिंटच्या चौथ्या-पाचव्या दिवशी चॅटवर येत होते. म्हणून मी आता दोन आकडे शेजारी ठेवते: प्लॅनिंगमध्ये निघालेले नवे प्रश्न आणि स्प्रिंट सुरू असताना "यात नेमके काय अपेक्षित आहे" या स्वरूपाचे निघालेले प्रश्न. पहिला आकडा घटून दुसरा वाढत असेल, तर बाबींवर रेडीचा शिक्का बसतो आहे, त्या रेडी होत नाहीत. अशा वेळी शुक्रवारच्या बैठकीत उदाहरणे खरोखर लिहिली जात आहेत का, की मागच्या टिकेटवरून उतरवली जात आहेत, हे पाहावे. आमच्याकडे उतरवली जात होती. व्याजाचे आकडे असलेले उदाहरण पार्किंग शुल्काच्या बाबीत तसेच चिकटवलेले सापडले.

चौथ्या स्प्रिंटपासून दोन्ही आकडे खाली आले. व्याजाचे पहिले दोन भाग एकाच स्प्रिंटमध्ये पूर्ण झाले आणि हिशेबनिसांनी आपल्या खतावणीतील तीन सदनिका घेऊन बेरीज पडताळून पाहिली. व्याजमाफीचा भाग मात्र अजून रेडी नाही. त्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर दोन संस्थांच्या सचिवांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ती दोन्ही उत्तरे टिकेटवर आहेत, प्रॉडक्ट ओनर बाईंचे नाव आणि पुढच्या शुक्रवारचा वार त्यांच्यापुढे लिहिलेला आहे, आणि गेल्या दोन प्लॅनिंगमध्ये ती बाब कोणी उघडलेली नाही.